पीडीएफ बिलाची घडण

बिलिंग ॲपमध्ये ‘शेअर’ दाबल्यावर तयार होणारी पीडीएफ फाइल म्हणजे स्क्रीनचा फोटो नव्हे. ती रेखाटनाच्या सूचनांची यादी असते. पानाच्या कडेपासून इतक्या अंतरावर, इतक्या आकाराचे अमुक अक्षर काढा. इथून तिथपर्यंत रेघ मारा. या चौकटीत हे चित्र बसवा. अंतरे मोजण्याचे एकक पॉइंट असते. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणून ए-फोर कागदाचे पान या मोजणीत ५९५ बाय ८४२ चे होते. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये हा फाइल-प्रकार आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. दुकानदाराच्या फोनवर बिल जसे दिसते तसेच ते गिऱ्हाइकाच्या फोनवर आणि त्याच्या अकाउंटंटच्या संगणकावर दिसावे, हीच या प्रकाराची खरी सोय.

या सोयीची किंमत ॲप बनवणाऱ्याला मोजावी लागते. साध्या बिलाच्या पीडीएफला बेरीज येत नाही आणि कोष्टकही कळत नाही. लांबलचक मालाचे नाव रकान्यात मावत नसेल तर ती ओळ आपोआप मोडत नाही. हिशेब, ओळींची मोड, अक्षरांची जोडणी, पानाची अदलाबदल हे सगळे फाइल लिहिण्याआधी ठरलेले असावे लागते. एकदा फाइल बाहेर गेली की ती दुकानदाराच्या हातात राहत नाही. चांगले बिलिंग ॲप ओळखायचे ते याच टप्प्यावर: फाइल बनवण्याआधी त्याने काय काय पक्के केले यावरून.

एक बिल उदाहरणाला घेऊ. कराडमधले एक इलेक्ट्रिक सामानाचे दुकान जीएसटीत नोंदलेले आहे. १२ जानेवारी २०२६ ला एका वायरिंग कॉन्ट्रॅक्टरने तिथून वायरचे २ बंडल घेतले, प्रत्येकी १,४५० रुपये. १५ स्विच, प्रत्येकी ३८.५० रुपये, आणि पीव्हीसी पाइपचे १२ नग, प्रत्येकी ७१.२५ रुपये. दर कर सोडून आहेत आणि तिन्ही मालांवर १८ टक्के जीएसटी आहे. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलेच, म्हणून कर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा: ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी.

बिल सेव्ह होताना पहिली गोष्ट पक्की होते ती म्हणजे बिलाचा क्रमांक. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या ४६ व्या नियमाप्रमाणे हा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा, सलग असावा, एका आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा येऊ नये, आणि त्यात अक्षरे व आकड्यांखेरीज फक्त आडवी रेघ किंवा तिरकी रेघ चालते. दुकानाचे नाव आणि पूर्ण वर्ष घालून `SAI-ELEC/2025-26/0413` असा रुबाबदार क्रमांक बनवला तर तो २१ अक्षरांचा भरतो आणि नियमात बसत नाही. `A/25-26/0413` हा १२ अक्षरांत आटोपतो. त्यातला सुरुवातीचा A शोभेचा नाही. काउंटरवर एक आणि गोदामात एक असे दोन फोन असतील आणि रेंज नसताना दोन्हीकडून बिले फाडली गेली, तर दोन्ही फोन ४१३ हाच पुढचा क्रमांक देऊन मोकळे होतात. नियमात एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला मुभा आहे. म्हणून एका फोनला A, दुसऱ्याला B दिले की ही टक्कर टळते. पूर्वी दोन बिलबुके वापरणारे दुकानदार नेमके हेच करत.

दुसरी पक्की करायची गोष्ट आहे बिलातला मजकूर. पुष्कळ कच्च्या ॲपमध्ये बिलाच्या नोंदीत फक्त ‘माल क्रमांक ७, नग १५’ एवढेच लिहिलेले असते आणि नाव, दर, कर हे मालाच्या मूळ यादीतून दर वेळी नव्याने उचलले जातात. मार्चमध्ये स्विचचा दर ४१ रुपये केला आणि गिऱ्हाइकाने ‘जानेवारीचे बिल परत पाठवा’ म्हटले, की जुन्या तारखेचे बिल नव्या दराने छापून बाहेर पडते. गिऱ्हाइकाकडे एक रक्कम, दुकानदाराकडे दुसरी, आणि क्रमांक मात्र तोच. म्हणून सेव्ह होतानाच मालाचे नाव, एचएसएन, दर, कराचा टक्का, गिऱ्हाइकाचे नाव व जीएसटीआयएन आणि दुकानाचा त्या दिवशीचा पत्ता हे सगळे त्या बिलाच्या नोंदीत उतरवून घ्यावे लागते. नवे ॲप घेताना दुकानदाराला हे तपासणे सोपे आहे: एक बिल करा, मालाचा दर बदला, जुने बिल पुन्हा उघडा.

आता हिशेब. वायरचे २,९००, स्विचचे ५७७.५०, पाइपचे ८५५. करपात्र रक्कम ४,३३२.५० रुपये. तिच्यावर ९ टक्के म्हणजे ३८९.९२५. इथे अर्धा पैसा उरतो आणि गंमत सुरू होते. अर्धा पैसा वर धरला तर सीजीएसटी ३८९.९३ आणि एसजीएसटीही ३८९.९३, मिळून ७७९.८६. पण एखाद्या ॲपने आधी १८ टक्के सरसकट काढले तर ७७९.८५ येतात. स्क्रीनवर एका रीतीने काढलेली बेरीज आणि पीडीएफमध्ये दुसऱ्या रीतीने काढलेले दोन कर असे झाले, की बिलावरच्या रकमा आपसांत एका पैशाने जुळत नाहीत. एका पैशाने कोणाचे नुकसान होत नाही. पण अकाउंटंटच्या सॉफ्टवेअरला बेरीज जुळलेली लागते, आणि ती न जुळल्याचा फोन दुकानात येतो. त्यावर उपाय असा की सगळ्या रकमा पूर्ण पैशांत साठवायच्या, अपूर्णांकात नाही. अर्धा पैसा वर की खाली हे एकदाच ठरवायचे. आणि पीडीएफ बनवणाऱ्या भागाने काहीही नव्याने मोजायचे नाही, सेव्ह झालेले आकडे तेवढे छापायचे. या बिलात ४,३३२.५० अधिक दोनदा ३८९.९३ म्हणजे ५,११२.३६; राउंड ऑफ वजा ०.३६, देय रक्कम ५,११२ रुपये. राउंड ऑफची ओळ वेगळी दाखवलेली बरी, नाहीतर बेरीज चुकल्यासारखी दिसते.

यानंतरचा भाग मराठी दुकानदाराला सर्वांत जास्त छळतो. इंग्रजीत प्रत्येक अक्षराचा एक ठरलेला आकार असतो. साठवलेल्या क्रमाने आकार शेजारी शेजारी ठेवले की शब्द तयार होतो. देवनागरीचे तसे नाही. ‘स्विच’ हा शब्द फोनच्या स्मृतीत स, हलन्त, व, ऱ्हस्व इकार, च अशा क्रमाने साठवलेला असतो. कागदावर मात्र स अर्धा होऊन व ला जोडला जातो आणि इकार सगळ्यांच्या आधी, स च्या डावीकडे जाऊन बसतो. साठवलेल्या क्रमापासून दिसणाऱ्या आकारापर्यंतचे हे काम करणारा वेगळा कार्यक्रम असतो. हार्फबझ हा त्यातला सर्वत्र वापरला जाणारा. अँड्रॉइड फोनच्या स्क्रीनवर मराठी नीट दिसते ती त्याच्याच जोरावर.

पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक तयार लायब्ररींमध्ये ही जोडणी मुळी नसते. त्या साठवलेल्या क्रमानेच आकार मांडत जातात. मग स चा पाय मोडलेला दिसतो, इकार व च्या नंतर पडतो आणि डोळ्यांना तो पुढच्या च चा वाटतो. ‘स्विच’चे ‘स्‌वचि’ होते. ‘अर्थिंग’मधला रफार थ वर चढत नाही, र पाय मोडून बाजूला उभा राहतो. ॲपच्या स्क्रीनवर सगळे ठीक आणि पीडीएफमध्ये असा खिचडा, हे पाहून दुकानदार फॉन्ट बदलायला जातो. त्याने काही होत नाही, कारण दोष फॉन्टचा नसून जोडणीचा आहे. फॉन्टचा दोष वेगळा दिसतो: त्यात अक्षरे वेडीवाकडी होत नाहीत, त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. रुपयाच्या ₹ या चिन्हाचे पुष्कळदा हेच होते. ते चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. पीडीएफचे हेल्वेटिका, टाइम्स हे मूळचे ठरीव फॉन्ट त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांत ते नाहीच. जुन्या ॲपच्या बिलांवर अजून ‘Rs.’ छापलेले दिसते त्यामागे हेच कारण असू शकते.

जोडणीचा प्रश्न सोडवायचे मार्ग तीन. अँड्रॉइडमध्येच `PdfDocument` नावाची सोय आहे. ती स्क्रीनवर अक्षरे काढणाऱ्या यंत्रणेकडूनच पीडीएफचे पान काढून घेते, म्हणून मराठी शुद्ध येते. पण तिथे प्रत्येक ओळीची जागा ॲपला हाताने मोजावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे बिल वेबपानासारखे लिहून फोनमधल्या ब्राउझर-यंत्रणेकडून ते पीडीएफ म्हणून छापून घेणे. कोष्टक, ओळींची मोड सगळे ब्राउझर सांभाळतो, फक्त कमी ताकदीच्या फोनवर थोडा वेळ लागतो. छोट्या ॲपसाठी हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिसरा मार्ग पळवाटेचा: बिलाचे चित्र काढून ते पीडीएफच्या पानावर चिकटवायचे. मराठी बरोबर दिसते, पण मोठे करून पाहिले की अक्षरे फुटतात, आणि बिलातला जीएसटीआयएन निवडून कॉपी करता येत नाही. छापण्याजोगे स्वच्छ, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचे चित्र करायचे तर ए-फोर पानाला २,४८० बाय ३,५०८ ठिपके लागतात आणि तेवढे चित्र फोनच्या स्मृतीत जवळपास ३५ एमबी जागा व्यापते. तीन पानांचे बिल करताना स्वस्त फोन अडखळतो तो इथे.

फॉन्ट पीडीएफच्या आत भरलेला असणेही तितकेच गरजेचे, कारण गिऱ्हाइकाच्या संगणकावर मराठी फॉन्ट असेलच असे नाही. पूर्ण फॉन्ट भरायची गरज नसते. बिलात आलेल्या आकारांपुरताच तुकडा भरला तर एका पानाचे बिल काही दहा केबींत बसते. फाइल उघडायला त्रास होत नसताना ती दोन-तीन एमबीची असेल तर आत चित्र आहे, किंवा दुकानाचा लोगो कॅमेऱ्यातून आला तसाच भरलेला आहे, असे समजावे. देवनागरी मजकूर पीडीएफमधून कॉपी केला की दिसायला बरोबर असूनही कधीकधी अक्षरे उलटसुलट येतात. दिसणे आणि कॉपी होणे या पीडीएफमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ज्यांची नक्कल पुढे लागणार, ते क्रमांक आणि रकमा इंग्रजी आकड्यांत ठेवण्याची रीत व्यवहाराला सोयीची ठरते.

आकड्यांचा आणखी एक फास आहे. फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइड रकमा आपोआप देवनागरी आकड्यांत लिहितो. बिलाच्या मजकुरात ५,११२.०० दिसले तर बिघडत नाही. उलट वाचायला छान वाटते. बिघडते ते यूपीआयच्या क्यूआर कोडमध्ये. त्या ठिपक्यांत एक साधी ओळ लपलेली असते:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Electric%20Dukan&am=5112.00&cu=INR&tn=A%2F25-26%2F0413
```

`pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, `am` म्हणजे रक्कम, `tn` म्हणजे नोंद. प्रोग्रामरने ही ओळ तयार करताना भाषा ठरवून दिली नाही, तर मराठी फोनवर `am` नंतर देवनागरी आकडे पडतात. क्यूआर दिसायला अगदी नेहमीसारखा, पण स्कॅन केल्यावर रक्कम येत नाही किंवा कोड चुकीचा ठरतो. आणि प्रोग्रामरच्या स्वतःच्या फोनवर, जो इंग्रजीत असतो, सगळे सुरळीत चालते. ही चूक सापडायला वेळ लागतो तो यामुळे. पीडीएफमधल्या क्यूआरची एक मर्यादाही लक्षात घ्यावी: ज्या फोनवर बिल उघडले त्याच फोनच्या कॅमेऱ्याने ते स्कॅन करता येत नाही. छापील बिलावर किंवा संगणकाच्या पडद्यावर तो कामाचा. फोनवर बिल पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी यूपीआय पत्ता शेजारी अक्षरांत लिहिलेला बरा.

पाने मोडण्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. माल तीन ओळींचा असेल तोवर काहीही चालते. चाळीस ओळींचे बिल झाले की रकान्यांची शीर्षके प्रत्येक पानावर पुन्हा यावी लागतात, ‘पान २ पैकी १’ असे लिहावे लागते, आणि एकूण रकमेची ओळ एकटी पुढच्या पानावर जाता कामा नये. थर्मल प्रिंटरचे गणित उलटे असते: ५८ मिलिमीटरच्या रोलवर छपाईची रुंदी साधारण ४८ मिलिमीटर मिळते आणि लांबीला बंधन नसते, म्हणून तिथे पानाची उंची ओळींच्या संख्येवरून ठरवावी लागते. ए-फोरचे बिल तसेच रोलवर पाठवले की अक्षरे मुंगीएवढी होतात.

फाइल तयार झाली; आता ती पाठवायची. तिचे नाव बिलाच्या क्रमांकावरून द्यावे हे योग्यच, नाहीतर गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये एकाच नावाच्या पन्नास फाइली जमतात. पण `A/25-26/0413` हे नाव जसेच्या तसे देता येत नाही, कारण फाइलच्या जगात तिरकी रेघ म्हणजे फोल्डरची हद्द. ॲप ‘A’ नावाचा फोल्डर शोधत बसते आणि ‘फाइल सापडली नाही’ म्हणते. नावात तिरक्या रेघेच्या जागी आडवी घातली, `A-25-26-0413.pdf`, की काम भागते. बिलावरचा क्रमांक मात्र बदलायचा नाही.

अँड्रॉइडमध्ये एका ॲपच्या खासगी जागेतली फाइल दुसऱ्या ॲपला वाचता येत नाही. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून तर फाइलचा थेट पत्ता दुसऱ्या ॲपला देऊ पाहणारे ॲप तिथल्या तिथे बंद पडते. त्याऐवजी बिलिंग ॲप `FileProvider` मार्फत एक तात्पुरता पत्ता देते आणि सोबत फक्त वाचण्याची परवानगी जोडते. परवानगी जोडायची राहिली तर शेअरची यादी उघडते, व्हॉट्सॲप निवडताही येते, पण फाइल जोडली जात नाही. असा अनुभव आला तर दोष व्हॉट्सॲपचा किंवा नेटचा नसून बिलिंग ॲपचा असण्याची शक्यता जास्त. गिऱ्हाइकाच्या नंबरवर थेट चॅट उघडणारा `wa.me` दुवा पुष्कळ ॲप वापरतात; त्यातून मजकूर आधीच लिहून ठेवता येतो, फाइल जोडता येत नाही. म्हणून काही ॲप पीडीएफ आपल्या सर्व्हरवर ठेवून तिचा दुवा मजकुरात पाठवतात. तिथे दुव्याच्या शेवटी नुसता चढता आकडा आहे का ते पाहावे. ४१३ च्या जागी ४१४ टाकून दुसऱ्याचे बिल उघडत असेल, तर दुकानाचे सगळे गिऱ्हाईक आणि त्यांचे दर कोणालाही वाचता येतात.

पाठवलेल्या बिलात चूक सापडली तर तेच बिल दुरुस्त करून पुन्हा पाठवण्याचा मोह होतो. ५,११२ रुपयांची फाइल कॉन्ट्रॅक्टरच्या फोनमध्ये गेलेली आहे. तिथून ती परत बोलावता येत नाही, आणि त्याच क्रमांकाची वेगळ्या रकमेची दुसरी फाइल म्हणजे दोन्हीकडच्या वह्यांत भांडण. तीन स्विच परत आले तर त्यांचे ११५.५० रुपये आणि त्यावरचे सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी १०.४०, म्हणजे १३६.३० रुपयांची क्रेडिट नोट मूळ बिलाचा क्रमांक घालून काढायची, हा कायद्याच्या ३४ व्या कलमातला मार्ग. बिल पूर्ण रद्द करायचे असले तरी क्रमांक ‘रद्द’ म्हणून नोंदीत राहतो, पुढच्या बिलाला तो दिला जात नाही.

साधी पीडीएफ कोणालाही बदलता येते, हेही सांगायला हवे. बिलाच्या तळाशी चिकटवलेले सहीचे चित्र पुरावा म्हणून फारसे उपयोगाचे नाही. ते दुसऱ्या फाइलवर उचलून ठेवता येते. प्रमाणपत्राने केलेली डिजिटल सही वेगळी: फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ती तुटल्याचे पीडीएफ वाचणारा प्रोग्राम दाखवतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार काढलेल्या इलेक्ट्रॉनिक बिलाला सहीची सक्ती नाही, म्हणून छोटे दुकानदार तिच्या खर्चात पडत नाहीत. वाद झालाच तर दुकानदाराच्या ॲपमधली मूळ नोंद आणि गिऱ्हाइकाची फाइल ताडून पाहणे एवढेच हातात राहते.

ती मूळ नोंद किती काळ ठेवायची, हेही ठरलेले आहे. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२५-२६ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२६ धरली, तर जानेवारीतले हे बिल ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत काढून दाखवता आले पाहिजे. तोवर फोन एकदोनदा तरी बदललेला असतो. ॲप काढून टाकले की त्याच्या खासगी जागेतल्या पीडीएफ फाइली त्याच्याबरोबर जातात, आणि जागा कमी पडली की कॅशमधल्या फाइली फोन स्वतःच पुसतो. म्हणून प्रत्येक पीडीएफ साठवून ठेवण्यापेक्षा बिलांच्या नोंदींची फोनबाहेर प्रत ठेवणे आणि गरज पडेल तेव्हा तिच्यावरून फाइल पुन्हा काढणे अधिक भरवशाचे. त्यासाठी बिलाचा नमुना बदलला तरी जुना नमुना ॲपमध्ये शिल्लक ठेवावा लागतो, म्हणजे २०३२ मध्ये काढलेली प्रत २०२६ मध्ये पाठवलेल्या बिलासारखीच दिसते.